गाळ्याचं भाडं, बँकेचा हप्ता आणि पोराची हत्यारांची पिशवी

*"मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षक म्हणून निवृत्त झालो. पेन्शनवर घर चालतं. मुलगा बी.एस्सी. (रसायनशास्त्र) आहे, वय २५. दोन वर्षं स्पर्धा परीक्षा केल्या, जमलं नाही. आमच्याकडे नव्या कॉम्प्लेक्समध्ये रस्त्यावरचा गाळा मिळतोय, भाडं नऊ हजार. तिथले चार गाळे अजून रिकामे आहेत, म्हणून मालक अनामत कमी करायला तयार आहे. पंचवीस हजार टोकन महिनाअखेर मागतोय. आठ लाखांचं कर्ज काढून इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान टाकून द्यावं असा माझा विचार आहे. लागलं तर घर तारण देईन.*

*मुलगा म्हणतो, 'बाबा, दुकान नको. मी पाण्याच्या आरओ फिल्टरची दुरुस्ती करतो.' चार महिने एका मित्राबरोबर तो फिरतोय. गेल्या रविवारी मी म्हटलं, 'बी.एस्सी. होऊन लोकांच्या ओट्याखाली शिरणार का?' तो म्हणाला, 'आणि दुकान नाही चाललं तर आपण कुणाच्या ओट्यावर राहायचं?' तेव्हापासून बोलणं बंद आहे. मुलीकडचे विचारतात, मुलगा काय करतो. काय सांगू?"*

*– एक वडील, अंबाजोगाई*

सर, नमस्कार.

मी सत्तावीस वर्षं एका सहकारी बँकेत काढली, त्यातली बरीचशी कर्जाच्या टेबलावर. त्यामुळे तुमचं पत्र वाचताना माझा हात सवयीने कागद-पेन्सिलीकडे गेला. आकडेमोड मांडतोच, पण आधी घराचं सांगतो, कारण ते थांबायचं नाही.

आठ लाखांसाठी घर तारण द्यायची गरजच नाही. मुद्रा योजनेत 'शिशु' पन्नास हजारांपर्यंत, 'किशोर' पाच लाखांपर्यंत आणि 'तरुण' दहा लाखांपर्यंत असे गट आहेत. दुकानदारीही त्यात बसते आणि तारण मागायचं नाही असा नियम आहे. शाखेतला माणूस तुम्हाला जामीनदार म्हणून सही करायला सांगेल, तो भाग वेगळा. पण बँक नको म्हणाली आणि पतसंस्था 'घराचा उतारा आणा, आठ दिवसांत देतो' म्हणाली, तर तिचा व्याजदर विचारा आणि मागे फिरा. घर बँकेकडे गहाण असेल आणि हप्ता नव्वद दिवसांच्या वर थकला, तर खातं एनपीए होतं. मग साठ दिवसांची नोटीस, आणि त्यानंतर सरफेसी कायद्याखाली ताबा घ्यायला बँकेला दिवाणी दावा लावावा लागत नाही. पतसंस्थेचा मार्ग निराळा, तिथे सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला निघतो. दोन्ही मार्ग तुमच्या ओट्यावरच येऊन थांबतात. चिरंजीवांनी रविवारी जे उत्तर दिलं ते तुम्हाला उद्धट वाटलं असेल. कर्जाच्या टेबलावरून मला ते त्या दिवशीचं सर्वांत शहाणं वाक्य वाटलं.

आता दुकान. आठ लाख कुठे जातील ते बघू. अनामत कमी केली तरी सव्वा लाख धरा. फर्निचर, काचेची कपाटं, रंगकाम पावणेदोन लाख. बोर्ड, इन्व्हर्टर, बिलाचा संगणक मिळून पन्नास हजार. म्हणजे विकायचा माल भरायला हातात राहिले साडेचार लाख. इलेक्ट्रिकल दुकानात साडेचार लाखांचा माल म्हणजे काय, तर दोन-तीन मापांच्या वायरची बंडलं, एका कंपनीची स्विचं, पाच-सात पंखे, एलईडी बल्ब, पाइप, पट्ट्या आणि एमसीबी. गिऱ्हाईक दुसऱ्या कंपनीचं स्विच मागेल तेव्हा 'उद्या आणून देतो' म्हणावं लागेल, इतकाच.

हप्ता बघू. अकरा टक्के व्याज आणि पाच वर्षं मुदत धरली तर महिन्याला साधारण १७,४०० रुपये. भाडं ९,०००. वीज आणि इंटरनेट १,६००. हाताखाली एक पोरगा लागेल, त्याचे ८,०००. चहा, हमाली, रिक्षा २,०००. बेरीज ३८,०००. यात तुमच्या मुलाच्या खिशात अजून एक रुपया गेलेला नाही.

इलेक्ट्रिकल मालात सुटणारा नफा वस्तूगणिक वेगळा असतो. वायरमध्ये थोडका, स्विच-सॉकेटमध्ये बरा. सगळा मिळून विक्रीच्या चौदा टक्के सुटतो असं धरू. नव्या दुकानाला हे उदारच आहे, कारण वायरमनला त्याचं कमिशन द्यावं लागतं, नाहीतर तो गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात नेतो. चौदा टक्क्यांनी ३८,००० रुपये सुटायला महिन्याला पावणेतीन लाखांच्या आसपास विक्री हवी. मुलाने घरात पंधरा हजार द्यायचे म्हटले तर पावणेचार लाखांच्या थोडी वर. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर रोजचा गल्ला साडेचौदा हजार.

'होईल की, रस्ता वाहता आहे,' असं तुम्ही म्हणाल. माझ्यासमोर बसलेले सगळे वडील हेच म्हणायचे. पण रस्ता बाजूला ठेवा, आधी कपाटं बघा. रोज साडेचौदा हजार विकायचे तर खरेदीच्या भावाने सव्वातीन लाखांचा माल दर महिन्याला निघून जायला हवा, आणि दुकानात आहे साडेचार लाखांचा. म्हणजे सगळं कपाट दर बेचाळीस दिवसांनी रिकामं होऊन पुन्हा भरलं पाहिजे. किराणा दुकानात हे होतं. इलेक्ट्रिकलच्या नव्या दुकानात माल तीन महिन्यांनी फिरला तरी मी 'बरं चाललंय' म्हणायचो. तीन महिन्यांच्या हिशेबाने महिन्याची विक्री पावणेदोन लाखांवर थांबते आणि सुटतात चोवीस हजार चारशे. भाडं, वीज, पोरगा आणि चहापाणी जाऊन उरले ३,८००. हप्ता १७,४००. मधले तेरा हजार सहाशे दर महिन्याला तुमच्या पेन्शनमधून जातील. आणि हे सगळी विक्री रोखीची धरून. अंबाजोगाईत रोखीने घर बांधणारे किती निघतील ते तुम्हीच ठरवा.

आता एक जुनी गोष्ट सांगतो, मला ती सांगायला फारशी आवडत नाही. असेच एक वडील आणि त्यांचा बी.कॉम. झालेला मुलगा माझ्यासमोर बसले होते. इलेक्ट्रिकलचंच दुकान, रक्कमही थोडीफार अशीच. मी मुलाला विचारलं, "रोज किती विक्री होईल?" उत्तर वडिलांनी दिलं, "साहेब, रस्ता वाहता आहे." मी पुन्हा मुलाकडे बघून विचारलं, "तुला काय वाटतं?" तो म्हणाला, "बाबा म्हणतात तसं." खरं तर तिथेच फाइल बंद करायला हवी होती. पण मार्च होता, शाखेचं उद्दिष्ट बाकी होतं आणि प्रस्ताव कागदावर नीट होता. मी शिफारस केली.

चौदा महिन्यांनी मी माल तपासायला दुकानात गेलो. दुकान भरलेलं दिसत होतं. पंख्यांची खोकी छतापर्यंत रचलेली. तपासणीत माझी एक सवय होती, खोकं उचलून बघायचो. मी हात वर केला तसे वडील म्हणाले, "साहेब, राहू द्या, धूळ आहे." मी एक उचललं. रिकामं. दुसरंही रिकामं. खालच्या ओळीतल्या दोन-तीन खोक्यांतच काय ते पंखे होते. मुलगा तेव्हा पहिल्यांदा स्वतःहून बोलला. "सर, पंखा विकला की पैसे हप्त्याला जायचे. परत पंखा आणायला पैसे उरायचे नाहीत. खोकं ठेवून द्यायचो, दुकान रिकामं दिसायला नको म्हणून."

चूक कुठे झाली ते त्या एका वाक्यात आहे. विकायच्या मालासाठी त्याला मुदत कर्ज दिलं होतं. मुदत कर्ज हे फर्निचरसाठी, यंत्रासाठी असतं, जे जागेवर राहतं आणि वर्षानुवर्षं कमावून देतं. माल विकला की त्याच पैशाने पुन्हा माल यायला हवा, म्हणून मालासाठी कॅश क्रेडिट घ्यायचं असतं. त्यात मुद्दल दर महिन्याला फेडावं लागत नाही, जेवढे पैसे वापरले तेवढ्यांवरच व्याज बसतं. नव्या माणसाला कॅश क्रेडिट द्यायला शाखा का कू करते, कारण दर महिन्याला मालाचं पत्रक घेणं आणि तपासणं हे काम वाढतं. सरसकट मुदत कर्ज देणं तिला सोपं जातं. ते दुकान मग बंद झालं. वडिलांनी शेतातला तुकडा विकून खातं मिटवलं. मुलगा पुढे वायरमन झाला आणि बरा कमावतो असं ऐकतो. म्हणजे शेवटी हत्यारांची पिशवीच खांद्यावर आली, फक्त मधे जमीन गेली.

कुणीतरी तुमच्या कानावर सबसिडी घातली असेल, तेही स्पष्ट करतो. केंद्राची पीएमईजीपी आणि राज्याची सीएमईजीपी या दोन्ही रोजगार योजनांचा भर उत्पादन आणि सेवा उद्योगांवर आहे. निव्वळ खरेदी-विक्रीचं दुकान त्यात साधारणपणे बसत नाही. बसलं असतं तरी पीएमईजीपीत शहरी भागात खुल्या प्रवर्गाला १५ टक्के आणि ग्रामीण भागात २५ टक्के मिळतात, आणि ती रक्कम हातात पडत नाही. ती तुमच्या कर्जाच्या नावाने तीन वर्षं ठेव म्हणून अडकून राहते, धंदा चालू असेल तरच खात्यात वळती होते. गंमत अशी की या योजनांच्या दारात उभं राहायला तुमच्या दुकानापेक्षा मुलाची दुरुस्तीच जास्त लायक आहे.

पण म्हणून चिरंजीव सगळं बरोबर बोलतायत असं समजू नका. आता हिशेब त्यांचा. हा भाग त्यांना वाचायला द्या, नाहीतर मोठ्याने वाचून दाखवा. बोलणं तेवढ्याने तरी सुरू होईल.

आरओ दुरुस्तीला भांडवल थोडं लागतं. पाने, कटर, टीडीएस मीटर, मल्टीमीटर, पाण्याचा दाब बघायचं गेज, दोन पंप, काही मेंब्रेन, फिल्टरचे संच, अॅडाप्टर, सोलेनॉइड व्हॉल्व्ह, कनेक्टरची पिशवी, असं सगळं मिळून चाळीस-पन्नास हजार. गाडी घरात आहे असं धरतो. हे शिशु कर्जात बसतं, आणि कर्ज न काढता तुमच्या बचतीतून दिलं तर अजून चांगलं.

एका भेटीत काय सुटतं? वर्षाच्या सर्व्हिसिंगमध्ये बाहेरचा स्पन फिल्टर, आतला सेडिमेंट आणि कार्बन बदलतात. सुट्या मालाला पाचशेच्या आत लागतात, गिऱ्हाइकाकडून बाराशे घेतले तर सातशे उरतात. नुसती गळती काढली तर अडीचशे. मेंब्रेन बदललं तर थोडं जास्त. सरासरी सहाशे धरू. भाव तुमच्या गावात शे-पन्नास रुपयांनी इकडेतिकडे असतील, मुलाला ते माहीत असतीलच. मुख्य गोष्ट ही की एक मशीन वर्षातून दीडेक वेळा तरी माणसाला घरी बोलावते. म्हणजे वहीत तीनशे घरं असतील तर वर्षाला साडेचारशे भेटी, महिन्याला सदतीस-अडतीस. साडेबावीस हजार सुटले, पेट्रोल-फोनचे साडेतीन हजार गेले, हातात एकोणीस हजार.

कान देऊन ऐकण्याचा शब्द इथे 'तीनशे' आहे. महिन्याला वीस नवी घरं जोडली तरी तीनशे व्हायला सव्वा वर्ष लागतं. पहिले चार-सहा महिने तो महिन्याला नऊ-दहा हजारही घरी आणणार नाही. तुमच्या गाळ्यातल्या हाताखालच्या पोराएवढीच कमाई. तेवढे दिवस 'बघ, मी म्हणत नव्हतो का' हे वाक्य तुम्ही गिळायचं आहे, आणि ते मास्तरांना जड जातं हे मला ठाऊक आहे. माझे वडीलही मास्तर होते.

आता चिरंजीवांना एक प्रश्न. चार महिने तुम्ही फिरताय ती घरं कुणाची? फोन कुणाच्या मोबाइलवर येतो? मित्राच्या येत असेल तर तुम्ही अजून धंद्यात नाही, शिकाऊ आहात. त्यात कमीपणा काहीच नाही, फक्त तसं वडिलांना सांगायला हवं होतं. ज्या दिवशी वेगळे व्हाल त्या दिवशी तुमच्या वहीत शून्य घरं असतील. मित्राची घरं फोडू नका. गाव लहान आहे, आणि सुटे भाग दोघांना एकाच होलसेलवाल्याकडून घ्यायचे आहेत.

रसायनशास्त्राची पदवी वाया जाते असं सरांना वाटतंय. माझं मत नेमकं उलटं आहे. आमच्याकडे आरओ मशीन विकणारा एक जण आला होता. त्याने पेल्यात दोन दांड्यांचं विजेचं यंत्र बुडवलं. नळाचं पाणी तपकिरी गढूळ झालं, फिल्टरचं स्वच्छ राहिलं. बायको घाबरली, तिथेच मशीन विकत घ्यायला निघाली. तो गाळ पाण्यातला नव्हताच, लोखंडी दांडी झिजून आलेला होता. फिल्टरच्या पाण्यात क्षार कमी, वीज वाहत नाही, दांडी झिजत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं. हे मला पुष्कळ उशिरा कळलं. बी.एस्सी. झालेला मुलगा हे ओट्याजवळ उभा राहून दोन मिनिटांत समजावू शकतो, आणि ज्या बाईला त्याने ते समजावलं ती शेजारच्या तिघींना त्याचा नंबर देते.

तसंच टीडीएसचं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, विरघळलेल्या क्षारांची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. तुमच्या भागात बोअरचं पाणी हजाराच्या आसपास निघालं तर आरओ लागतोच. पण नळाचं पाणी अडीचशे असेल तर त्या घराला आरओची गरज नाही, यूव्हीवर भागतं, हे सांगणारा माणूस पाहिजे. त्या दिवशी एक विक्री बुडेल. त्या घरचं बाकीचं काम मात्र दुसरीकडे जाणार नाही.

मशीन बघतानाही मीटर आधी, पाना नंतर. आत येणारं पाणी ९०० आणि बाहेरचं ८० असेल तर मेंब्रेन ठीक आहे, कारण चांगलं मेंब्रेन नव्वद टक्क्यांच्या आसपास क्षार अडवतं. बाहेरचं ३०० दाखवत असेल तर आधी आरओ न झालेलं पाणी मिसळणारा टीडीएसचा स्क्रू कुणी उघडून ठेवलाय का ते बघायचं. तो बंद असूनही ३०० येत असेल तर मेंब्रेन गेलं. आकडा चांगला आहे पण धार बारीक झाली असेल, तर मेंब्रेनवर क्षार बसलेत, किंवा कार्बन चोंदलाय, किंवा पंप दाब देत नाही. हे न बघता सरळ मेंब्रेन बदलणारे पुष्कळ आहेत. गिऱ्हाईक पैसे देतं, धार तशीच राहते, आणि माणूस पुन्हा फोन उचलत नाही. बाजारात याच एका गोष्टीची सर्वांत जास्त टंचाई आहे: फोन उचलणारा माणूस.

आणि एक भीती तुमच्या मनात कायम राहू द्या, गळतीची. पाइप तिरका कापला की पुश-फिटच्या आतल्या रबरी रिंगवर तो नीट बसत नाही. तुमच्यासमोर थेंब पडत नाही, रात्री दाब वाढला की सांधा सुटतो आणि सकाळी त्या बाईंच्या ओट्याखालचं धान्याचं कोठार भिजलेलं असतं. माझ्या घरी हे झालंय. करणारा माणूस पुन्हा आला नाही, आणि आम्हीही त्याला कधी बोलावलं नाही. पाइप सरळ कापायचा, सांध्याला कोरडा कागद गुंडाळून मशीन दहा मिनिटं चालवायचं, कागद ओला झाला नाही हे गिऱ्हाइकाला दाखवून मगच पिशवी बंद करायची.

सर, आता पुन्हा तुमच्याकडे येतो. या धंद्याची जीवनदोरी वही आहे. नाव, गल्ली, मशीन कोणतं, पाणी बोअरचं की नळाचं, आत-बाहेरचा टीडीएस, कोणत्या तारखेला काय बदललं, पुढची तारीख. पोरं दिवसभर फिरून आली की हे लिहीत नाहीत. मोबाइलमध्ये 'काकू फिल्टर' असं काहीतरी नाव ठेवतात आणि सहा महिन्यांनी कोणती काकू ते आठवत नाही. आणि तुम्ही आयुष्यभर हजेरीपट ठेवलाय. सुटीच्या दिवशीही खाडाखोड न करता. वही तुम्ही ठेवा. रोज रात्री मुलगा सांगेल, तुम्ही लिहा. ज्या घराची तारीख आली तिथे फोन तुम्ही करा. "मी अमक्याचे वडील बोलतोय, मास्तर" म्हटल्यावर त्या गावात तुमचा फोन कोण कापणार आहे? निम्म्या घरांत तुमचे विद्यार्थी असतील.

पत्रावरून मला वाटतं, गाळा तुम्हाला मुलासाठी जेवढा हवाय तेवढाच थोडा स्वतःसाठीही हवाय. संध्याकाळी खुर्ची टाकून बसायला, येणाऱ्या-जाणाऱ्याने 'मास्तर, दुकान छान झालं' म्हणायला. त्यात गैर काही नाही. पण त्या खुर्चीचं भाडं, हप्ता धरून, महिन्याला सव्वीस हजारांच्या वर पडतंय.

आणि दुकान कायमचं नको असंही मी म्हणत नाही. वहीत अडीचशे-तीनशे घरं झाली की सुटे भाग घरातल्या कपाटात मावत नाहीत. गावातले दुसरे मेकॅनिक 'एक पंप असेल तर दे' म्हणून दारात येऊ लागतात. नवीन मशीन बसवून द्या म्हणणारेही येतात. तेव्हा आतल्या गल्लीतला तीन-चार हजारांचा गाळा घ्या, काचेची कपाटं नकोत, लोखंडी रॅक पुरे. त्या वेळी बँकेत जा आणि दोन लाखांचं कॅश क्रेडिट मागा, मुदत कर्ज नव्हे. टेबलावर वही आणि वर्षाचं बँकेचं पासबुक ठेवा. गिऱ्हाइकांकडून आलेले पैसे आतापासूनच एका वेगळ्या खात्यात घ्यायला सांगा, म्हणजे त्या दिवशी पासबुक बोलेल. मी टेबलावर असतो तर 'किती विक्री होईल' हा प्रश्नच विचारला नसता.

तोवर दोन कागद करून घ्या. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट होते, कुणी हजार रुपये मागितले तर देऊ नका. अशा एकट्याच्या व्यवसायाला महाराष्ट्रात दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना दिली की पोच मिळते. व्यवसायाचं एक नाव ठरवा आणि ते पावतीपुस्तकावर छापा. मुलीकडच्यांना सांगायला तेवढं पुरतं. त्यांनी अधिक खोदून विचारलं तर वही दाखवा. सध्या पगाराची स्लिप दाखवणाऱ्या कित्येक मुलांची नोकरी अकरा महिन्यांच्या करारावर असते, ते त्यांनाही माहीत आहे.

मुदत मात्र घाला, दोघांनी मिळून, आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा. माझ्या मते दहा महिने, आणि स्वतःची एकशे वीस घरं. मित्राची धरायची नाहीत. दहा महिन्यांनी साठच असतील तर मुलाने स्वतःहून दुसरं काम बघायचं, आणि तुम्ही तेव्हा दुकानाचा विषय काढायचा नाही. साठ घरं न जोडू शकलेला मुलगा काउंटरमागे बसल्याने गिऱ्हाईक जोडणारा होत नाही.

राहिला टोकनचा प्रश्न. महिनाअखेरीची वाट न बघता मालकाला उद्याच नाही म्हणून कळवा. नव्या कॉम्प्लेक्समधले चार गाळे रिकामे आहेत आणि मालक स्वतःहून अनामत उतरवतोय, हे तुम्ही सोय म्हणून लिहिलंय. मला त्यात वेगळं दिसतं. एखाद्या संध्याकाळी सहा ते आठ तिथल्या चालू असलेल्या एखाद्या दुकानासमोर उभे राहा आणि आत किती जण गेले ते मोजा. चिरंजीवांनाही बरोबर न्या. दोन तास शेजारी उभं राहायचं म्हटल्यावर काहीतरी बोलावं लागेलच.